लेगाटो पेडलिंग

लेगाटो पेडलिंग ही पियानोवरील उजव्या पेडलच्या, म्हणजेच सस्टेन पेडलच्या वापराची एक पद्धत आहे. या पद्धतीत नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी पेडल वर सोडले जाते आणि जुना नाद थांबल्यावर, पण बोटे अजून पट्ट्यांवर असतानाच, ते पुन्हा दाबले जाते. त्यामुळे दोन कॉर्डच्या मध्ये खंड पडत नाही आणि एका कॉर्डचे स्वर दुसरीत मिसळतही नाहीत. पाय हाताच्या किंचित मागे चालतो म्हणून हिला सिंकोपेटेड पेडलिंग असेही म्हणतात. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, जेथे सतत बदलत जातो अशा संगीतात पेडल स्वच्छ ठेवण्याचा हा मूलभूत मार्ग मानला जातो.

## पेडल नेमके काय करते

पियानोच्या प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते आणि तारेवर टेकलेला एक डॅम्पर असतो. डॅम्पर म्हणजे फेल्टची मऊ गादी लावलेला छोटा ठोकळा. पट्टी दाबली की तिचा डॅम्पर उचलला जातो, हातोडी तारेवर आदळते आणि तार कंप पावू लागते. पट्टी सोडली की डॅम्पर परत तारेवर बसतो व नाद थांबतो. सस्टेन पेडल दाबल्यावर मात्र सगळेच डॅम्पर एकाच वेळी तारांवरून उचलले जातात. मग बोटे उचलली तरी वाजलेले स्वर चालू राहतात, आणि न वाजवलेल्या ताराही त्यांच्या सहकंपनाने हलक्या झंकारू लागतात. पेडल दाबल्यावर पियानोचा नाद भरीव वाटतो तो या सहकंपनामुळे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. डॅम्पर उचलून धरणाऱ्या गोष्टी दोन आहेत: बोटाने दाबलेली पट्टी आणि पायाने दाबलेले पेडल. ज्या स्वराची पट्टी दाबलेली आहे, त्याचा डॅम्पर पेडल सोडले तरी खाली येत नाही. पेडल वर गेल्यावर फक्त तेच स्वर थांबतात ज्यांच्यावर त्या क्षणी बोट नाही. म्हणजे नवी कॉर्ड बोटांनी धरलेली असताना पेडल सोडले, तर जुनी कॉर्ड आपोआप पुसली जाते व नवी तशीच राहते. पेडल स्वच्छ बदलण्याची सारी युक्ती या एका यांत्रिक सोयीवर आधारलेली आहे.

भारतीय श्रोत्याला तंबोऱ्याचे उदाहरण जवळचे वाटेल. तंबोऱ्याच्या चार तारा एकापाठोपाठ छेडल्या जातात आणि त्यांचे नाद एकमेकांत मिसळावेत हीच अपेक्षा असते, कारण षड्ज-पंचमाची ती चौकट मैफलभर बदलत नाही. पियानोवर एकच कॉर्ड बराच वेळ चालू असेल तर पेडल धरून ठेवण्याने असाच सुखद परिणाम साधतो. चौकट बदलली, की मागचे सूर नव्या चौकटीत परके ठरतात. पेडलचा प्रश्न सुरू होतो तो येथे.

## पाय वर कधी जातो

नवशिक्या वादकाचा पाय बहुधा हातासोबत खाली जातो: कॉर्ड वाजली की पेडल दाबले, पुढची कॉर्ड आली की पुन्हा दाबले. तबल्यावर ठेका धरणाऱ्या पायासारखी ही हालचाल स्वाभाविक आहे, पण पियानोवर ती दोन्हीकडून अडचणीची ठरते. पाय नव्या कॉर्डसोबत खाली जायचा असेल तर तो तिच्या आधी वर गेलेला असला पाहिजे. तो पुरेसा आधी वर गेला तर दोन कॉर्डमध्ये शांततेचे भोक पडते. अगदी शेवटच्या क्षणी वर जाऊन लगेच खाली आला तर डॅम्परना तारा थांबवायला वेळच मिळत नाही, आणि जुना नाद नव्या कॉर्डखाली तसाच राहतो.

लेगाटो पेडलिंगमध्ये ही दिशा उलटी केली जाते. हात खाली जातो तेव्हा पाय वर जातो. हातोडी तारेवर आदळण्याच्या क्षणी डॅम्पर जुन्या तारांवर बसलेले असावेत, म्हणजे नव्या स्वराचा आघात जुन्या स्वराचा शेवट झाकून टाकतो व कानाला खंड जाणवत नाही. त्यानंतर बोटे कॉर्ड धरून ठेवतात, कान जुना नाद गेला का हे ऐकतो, आणि मग पाय खाली येतो. पेडल दाबण्याचा क्षण काहीसा लवचिक असतो. तो बोटे उचलण्याच्या आधी कधीही आला तरी चालते. पेडल सोडण्याचा क्षण मात्र अचूक असावा लागतो. शिकवताना बहुतेक भर दाबण्यावर दिला जातो, प्रत्यक्षात स्वच्छता ठरते ती सोडण्यावर.

हे पायात बसवण्यासाठी पियानोशिक्षणात एक जुना व साधा अभ्यास वापरला जातो. मधल्या सप्तकातील सी, डी, ई, एफ हे चार स्वर एकाच बोटाने वाजवायचे. एकच बोट असल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पट्टी सोडावीच लागते, म्हणजे स्वर जोडण्याचे काम पूर्णपणे पेडलवर येते. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक स्वर चार ठोके धरायचा. पहिल्या ठोक्यावर पट्टी खाली व पाय वर. दुसऱ्या ठोक्यावर पाय खाली. तिसऱ्या ठोक्यावर बोट उचलून पुढच्या पट्टीवर नेऊन ठेवायचे. स्वर पेडलमुळे चालूच राहतो. चौथा ठोका निव्वळ ऐकण्यासाठी. पुढच्या पहिल्या ठोक्यावर पुन्हा पट्टी खाली, पाय वर. डी वाजल्यानंतर सी ऐकू येता कामा नये, आणि सी व डी यांच्यामध्ये फटही पडता कामा नये. हे जमल्यावर पाय दुसऱ्या ठोक्याऐवजी पहिल्या व दुसऱ्या ठोक्याच्या मध्यावर खाली आणतात, नंतर त्याहून लवकर. शेजारचे स्वर मुद्दाम निवडलेले असतात, कारण ते मिसळले की कानाला लगेच टोचते. सी नंतर जी घेतला तर चूक सहज लपून जाते.

पायाच्या ठेवणीबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. टाच जमिनीवर टेकलेली असते, चवडा पेडलच्या रुंद टोकावर असतो आणि पेडल वर गेले तरी बूट त्यावरून उचलला जात नाही. पाय हवेत उचलून पेडलवर आपटला तर आवाज येतोच, शिवाय वेळेवरचा ताबाही जातो. बहुतेक पियानोंवर पेडल दाबल्यावर सुरुवातीचा थोडा भाग मोकळा जातो आणि त्यानंतर डॅम्पर हलू लागतात. हा बिंदू प्रत्येक वाद्यावर निराळा असतो. परक्या पियानोवर वाजवण्यापूर्वी एक कॉर्ड वाजवून, बोटे उचलून, पेडल अगदी सावकाश वर आणत नाद कोठे मरू लागतो हे अजमावून पाहणे इष्ट असते. पाय या बिंदूच्या जरा वर आणि जरा खाली एवढाच फिरला तरी पुरतो; पेडल दर वेळी तळापर्यंत नेल्याने परतीचा प्रवास लांबतो व बदल उशिरा होतो.

## एक उदाहरण: बेथोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा

लुडविग फान बेथोव्हेन यांच्या सी शार्प मायनर सोनाट्याचा (ओपस २७, क्रमांक २) पहिला भाग या विषयासाठी विशेष उपयोगी आहे. हा सोनाटा १८०१ मध्ये रचला गेला व १८०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मूनलाइट’ हे नाव त्याला बेथोव्हेन यांनी दिलेले नाही. पहिल्या भागात उजवा हात तीन-तीन स्वरांचे गट अखंड वाजवत राहतो, डावा हात खालच्या पट्ट्यांवर लांब अष्टके, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकदम, धरतो, आणि वरती संथ सुरावट येते. एका बारमध्ये चार गट बसतात. सोयीसाठी प्रत्येक गटाला येथे एक मात्रा म्हटले आहे.

पहिल्या बारमध्ये उजव्या हातात जी शार्प, सी शार्प, ई हा गट चारदा येतो आणि खर्जात सी शार्प असतो. सारे स्वर एकाच कॉर्डचे असल्याने पूर्ण बार एका पेडलमध्ये वाजवता येतो. तुकड्याचा आरंभ असल्याने पुसण्यासारखा जुना नादही नसतो. म्हणून अनेक वादक येथे पहिला स्वर वाजण्यापूर्वीच पेडल दाबून ठेवतात.

दुसऱ्या बारमध्ये उजवा हात तेच स्वर तसेच वाजवत राहतो, फक्त खर्ज सी शार्पवरून बी वर उतरतो. वरवर पाहता काही बदलले नाही असे वाटते, आणि पेडल बदलायचे राहून जाण्याची ही नेमकी जागा आहे. खालच्या सप्तकांत सी शार्प व बी एकत्र गुंजू लागले की एक घोगरी गुरगुर ऐकू येते. पेडल बदलण्याची वेळ वरच्या स्वरांवरून नव्हे, तर प्रामुख्याने खर्जावरून ठरवावी, हा नियम येथे स्पष्ट होतो. खर्जाच्या तारा लांब, जाड व जड असतात. त्यांचा नाद अधिक काळ टिकतो, त्यांत उपस्वरांची गर्दी असते, आणि डॅम्परलाही त्या थांबवायला जास्त वेळ लागतो. सी शार्पचे अष्टक एक अख्खा बार घुमलेले असते. त्यामुळे बी वाजताना वर गेलेला पाय, मधल्या सप्तकात लागला असता त्याहून थोडा अधिक वेळ वर ठेवावा लागतो. घाईने खाली आला तर सी शार्पची सावली उरते.

तिसऱ्या बारमध्ये हार्मनी दोनदा बदलते. पहिल्या दोन मात्रा ए, सी शार्प, ई, म्हणजे ए मेजर, खर्जात ए. पुढच्या दोन मात्रा ए, डी, एफ शार्प, म्हणजे डी मेजर, खर्जात एफ शार्प. येथे खर्ज व वरची कॉर्ड सोबतच बदलत असल्याने पेडलचे दोन बदल सरळ त्यांच्याबरोबर येतात.

चौथा बार खरी कसोटी पाहतो. खर्जात जी शार्पचे अष्टक आहे. ते दोन मात्रा टिकते व तिसऱ्या मात्रेवर पुन्हा वाजते. त्यावर उजव्या हाताचे चार गट चार निरनिराळे आहेत: जी शार्प, बी शार्प, एफ शार्प, मग जी शार्प, सी शार्प, ई, मग जी शार्प, सी शार्प, डी शार्प, आणि शेवटी एफ शार्प, बी शार्प, डी शार्प. पियानोवर बी शार्प म्हणजे सी ची पांढरी पट्टी, म्हणून ती सी शार्पच्या लगतची असते. पहिल्या गटातील बी शार्प दुसऱ्या गटातील सी शार्पला टोचतो, दुसऱ्यातील ई तिसऱ्यातील डी शार्पला, आणि तिसऱ्यातील सी शार्प चौथ्यातील बी शार्पला. संपूर्ण बार एका पेडलमध्ये घेतला तर या तिन्ही टोचण्या एकावर एक साचतात. म्हणून येथे प्रत्येक मात्रेवर, म्हणजे चार वेळा, पेडल बदलावे लागते.

पण मग दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पेडल सोडल्याने खर्जातील जी शार्पही तुटणार नाही का? डाव्या हाताने पट्ट्या सोडल्या असतील तर नक्की तुटेल, आणि सारी इमारत पायाविना तरंगू लागेल. डावा हात अष्टक प्रत्यक्ष धरून असेल तर मात्र त्या दोन तारांचे डॅम्पर बोटांमुळेच वर राहतात. पेडल वर जाते, वरचे जुने स्वर पुसले जातात, खर्ज अबाधित राहतो. छापील संगीतात खर्जाचा स्वर दोन मात्रा लांब लिहिला आहे तो बोटांनीच तितका धरायचा असतो. पेडल आहे म्हणून डावा हात लवकर उचलण्याची सवय लागली, की अशा जागी स्वच्छ पेडल अशक्य होते.

उजव्या हाताचे काय ते वेळेच्या हिशेबाने कळते. मिनिटाला ६० मात्रा अशी गती धरली तर एका मात्रेतील प्रत्येक स्वराला सेकंदाचा एक तृतीयांश भाग मिळतो. पाय गटाच्या पहिल्या स्वरासोबत वर जातो, आणि दुसरा स्वर वाजण्यापूर्वी, पहिल्या स्वरावर बोट असतानाच, खाली येतो. बोट त्याआधीच उचलले गेले तर तो पहिला स्वर हरवतो व गटाची सुरुवात पोकळ वाटते. म्हणून असा भाग बसवताना प्रथम निम्म्या गतीने, गटाचा पहिला स्वर मुद्दाम जरा जास्त धरून सराव केला जातो.

पाचव्या बारच्या अखेरीस वरची सुरावट जी शार्पवर सुरू होते: एक लांबट स्वर, त्याला लगटून एक छोटा स्वर, आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर तोच स्वर पुन्हा. छोट्या स्वरावर पेडल बदलण्याचा मोह टाळावा लागतो. तो चालू कॉर्डचाच आहे. बदल होतो तो पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर, जेथे खर्ज व हार्मनी बदलते.

## बेथोव्हेन यांची सूचना व आजचे वाद्य

या भागाच्या आरंभी बेथोव्हेन यांनी इटालियन भाषेत दिलेली सूचना बऱ्याच गोंधळाचे मूळ ठरली आहे. संपूर्ण भाग अतिशय नाजूकपणे आणि ‘सेन्झा सोर्दिनो’ वाजवावा असे ती सांगते. सोर्दिनो म्हणजे नाद दबवणारे साधन. काही वाचक याचा अर्थ ‘आवाज मृदू करणारे डावे पेडल न वापरता’ असा करतात, तो चुकीचा आहे. येथे सोर्दिनो म्हणजे डॅम्पर. ‘डॅम्परविना’ म्हणजे डॅम्पर उचललेल्या स्थितीत, अर्थात आजच्या भाषेत पेडल दाबून.

मग वर सांगितलेले सर्व बदल या सूचनेच्या विरुद्ध जातात असे कोणी म्हणेल. याचे उत्तर वाद्यात आहे. त्या काळच्या व्हिएन्नातील पियानोंना लाकडी चौकट होती, तारा बारीक व कमी ताणलेल्या होत्या, आणि डॅम्पर उचलण्यासाठी बहुधा पट्ट्यांखाली गुडघ्याने ढकलण्याची कळ असे. त्यांचा नाद आजच्या लोखंडी चौकटीच्या ग्रँड पियानोपेक्षा बराच लवकर विरत असे. डॅम्पर वर ठेवूनही जुनी कॉर्ड नवी येईपर्यंत फिकी झालेली असे, आणि उरलेली धूसरता इष्ट रंगासारखी वाटत असे. आजच्या मैफिलीच्या पियानोवर तीच सूचना शब्दशः पाळली तर दुसऱ्या बारपासूनच चिखल होतो. बेथोव्हेन यांचे शिष्य कार्ल चेर्नी यांनीही या भागात खर्जाच्या प्रत्येक नव्या स्वरावर पेडल नव्याने घ्यावे असे लिहून ठेवले आहे.

तरीही सूचनेमागचा हेतू, म्हणजे नाद कोठेही कोरडा पडू न देणे, सोडून द्यावा असे नाही. बरेच वादक यासाठी अर्धे पेडल वापरतात. पेडल पूर्ण वर न सोडता, डॅम्परचा फेल्ट तारांना जेमतेम स्पर्श करील इतकेच वर आणून परत दाबतात. अशा हलक्या स्पर्शाने वरच्या बारीक तारा चटकन शांत होतात. खर्जाच्या जड तारांतील कंपन मात्र पूर्ण थांबत नाही. परिणामी वरचे टोचणारे स्वर जातात व खर्ज बराचसा टिकतो. ज्यांच्या हाताला चौथ्या बारमधील अष्टक धरणे कठीण जाते त्यांना हा उपाय उपयोगी पडतो. मात्र तो वाद्यागणिक वेगळा लागू पडतो, आणि पूर्ण बदल पायात पक्का बसण्यापूर्वी अर्ध्या पेडलच्या मागे लागणे हितावह नाही. अर्धवट स्वच्छ झालेला नाद मुद्दाम ठेवला की चुकून राहिला हे मग वादकालाच कळेनासे होते.

## दोष कसा ओळखावा

वाजवताना वादकाचे लक्ष पुढच्या स्वरांकडे असते, त्यामुळे पेडलमधील दोष त्याला स्वतःला उशिरा ऐकू येतो. एक साधी परीक्षा अशी: पेडल बदलल्यानंतर थांबायचे, पेडल खालीच ठेवायचे आणि दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलायचे. आता जे ऐकू येते ते पेडलने नेमके काय पकडले याचा पुरावा असतो. वरील सोनाट्यात दुसऱ्या बारच्या आरंभी असे थांबल्यास बी च्या जोडीने सी शार्प घुमताना ऐकू आला, तर पाय लवकर खाली आला किंवा पुरता वर गेलाच नाही. बी स्वतःच ऐकू आला नाही, तर पाय उशिरा आला. बोट उठल्यानंतर पेडलला पकडण्यासारखे काही उरले नव्हते.

पाय लवकर आला की पुरता वर गेला नाही, हे दोन दोष कानाला जवळपास सारखेच वाटतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. ते वेगळे करण्यासाठी हाच बदल अतिशय सावकाश, पाय पूर्ण एक सेकंद वर ठेवून करून पाहतात. एवढा वेळ देऊनही जुना स्वर उरत असेल तर पेडल पुरेसे वर जात नाही, किंवा वाद्याचे डॅम्पर तारांवर नीट बसत नाहीत. हा दुसरा प्रकार जुन्या पियानोंत विरळ नाही: फेल्ट कडक झालेला असतो किंवा पेडलची जोडणी घट्ट झालेली असते. पेडलला हातही न लावता एक स्वर वाजवून पट्टी सोडली आणि तरी तो रेंगाळला, तर दोष पायाचा नसून दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाचा आहे. अपवाद फक्त सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकाचा. तेथील तारांना मुळातच डॅम्पर नसतात, कारण त्यांचा नाद क्षणात विरतो.

उलट दिशेचा दोष, म्हणजे कॉर्डच्या मधली फट, बहुधा छापील खुणांमुळे येते. जुन्या आवृत्त्यांत पेडल दाबण्यासाठी ‘पेड.’ अशी अक्षरे आणि सोडण्यासाठी तारकेसारखी खूण असते. तारका बारच्या शेवटी व पुढची ‘पेड.’ नव्या बारच्या आरंभी छापलेली असते. ती शब्दशः पाळली तर पाय नव्या कॉर्डच्या आधी वर जातो व तिच्यासोबत खाली येतो, म्हणजे वर सांगितलेली नवशिक्याची हालचाल होते. कोणती हार्मनी कोणत्या पेडलमध्ये घ्यावी एवढेच या खुणा सांगतात असे समजून पायाची नेमकी वेळ कानाने ठरवणे योग्य. व्हिएन्ना येथील हान्स श्मिट यांचे केवळ पेडलला वाहिलेले पुस्तक १८७५ मध्ये निघाले. पायाच्या या मागाहून येणाऱ्या हालचालीचे पद्धतशीर विवेचन साधारण त्याच काळापासून आढळते. नव्या आवृत्त्यांत सलग आडवी रेघ व बदलाच्या जागी तिच्यावर छोटे टोक दाखवतात. हे टोक पाय वर जाऊन परत येण्याचे चित्रच असल्याने ते अधिक नेमके आहे.

## डिजिटल पियानो व खोली

डिजिटल पियानोवर सराव करणाऱ्यांनी पेडलचा प्रकार तपासून घ्यावा. स्वस्त कीबोर्डसोबत मिळणारे पेडल बहुधा निव्वळ चालू-बंद करणारे बटण असते. त्यात अर्धे पेडल शक्यच नसते. मिडी पद्धतीत सस्टेन पेडलचा संदेश ६४ क्रमांकाच्या कंट्रोलरवरून ० ते १२७ अशा मूल्यांत जातो. अर्धे पेडल न जाणणारे वाद्य ६३ पर्यंतचे मूल्य ‘बंद’ व ६४ पासूनचे ‘चालू’ असे धरते. लेगाटो पेडलिंगची वेळ अशा पेडलवरही शिकता येते. मात्र त्यावर नाद एकदम कापला जातो, आणि खऱ्या खर्जाच्या तारेला थांबायला लागणारा वेळ साध्या वाद्यांत क्वचितच जाणवतो. अशा पेडलवर तयार झालेला वादक खऱ्या पियानोवर बसला की प्रथम त्याच्या खर्जातच मिसळण सुरू होते, कारण पाय फार लवकर खाली येण्याची सवय झालेली असते.

खोलीचाही परिणाम होतो. दगडी चर्चमध्ये किंवा रिकाम्या सभागृहात भिंतींवरून परतणारा नाद स्वतःच दुसऱ्या पेडलसारखे काम करतो. तेथे बदल अधिक वेळा करावे लागतात आणि पेडल कमी खोल दाबावे लागते. गालिचे व पडदे असलेल्या छोट्या खोलीत तेच पेडलिंग कोरडे वाटू शकते. श्रोते येऊन बसल्यावर सभागृहाचा नाद पुन्हा बदलतो, म्हणून रिकाम्या सभागृहातील तालमीत ठरवलेली पेडलची खोली कार्यक्रमाच्या वेळी पहिल्या काही बारमध्येच कानाने नव्याने जुळवून घ्यावी लागते.